ट, ड की इड? इंग्रजी भूतकाळाच्या शेपटाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात तोंडी परीक्षेची तयारी करून घेताना वर्षानुवर्षं तेच प्रश्न माझ्यासमोर येतात. बारावीची मुलं विचारतात, आयइएलटीएस देणाऱ्या नर्सिंगच्या मुली विचारतात, आणि त्यांना सोडायला आलेले पालकही दारात थांबून विचारतात. ते इथे एका जागी लिहून ठेवले आहेत. इंग्रजी शब्द मी मुद्दाम देवनागरीत, जसे ऐकू यायला हवेत तसे लिहिले आहेत. स्पेलिंग सगळ्यांना येतंच, आणि खरं तर त्या स्पेलिंगनेच हा घोळ घातला आहे.

मॅडम, नेमकी चूक कुठे होते?

इंग्रजीत नियमित क्रियापदाचा भूतकाळ करताना शेवटी ई-डी लागतं. लिहिताना ते सगळीकडे सारखं दिसतं, पण बोलताना त्याचे तीन उच्चार होतात. ‘वॉक’चं होतं वॉक्ट, ‘प्ले’चं होतं प्लेड आणि ‘वॉन्ट’चं होतं वॉन्टिड. आपली मुलं मात्र डोळ्यांना जे दिसतं ते वाचतात आणि सगळीकडे ‘एड’ लावतात: वॉकेड, हेल्पेड, स्टॉपेड, वॉशेड. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. शेपूट नको तिथे लागेल या भीतीने ते लावतच नाहीत आणि ‘यस्टरडे आय वॉक’ म्हणून मोकळे होतात.

तीन उच्चारांचे तीन नियम पाठ करायचे का?

नको. तीन रकान्यांचा तक्ता वहीत सुंदर दिसतो, पण बोलताना तो कुणालाही आठवत नाही. माझ्या मते तोंडी परीक्षेसाठी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: मूळ क्रियापदाचा शेवट ‘ट’ किंवा ‘ड’ या आवाजाने होतो का?

होत असेल तर ‘इड’ लावा आणि शब्द एका ठोक्याने, म्हणजे एका स्वराच्या तुकड्याने, वाढू द्या. वॉन्ट–वॉन्टिड, वेट–वेटिड, नीड–नीडिड, डिसाइड–डिसायडिड. होत नसेल तर ठोका वाढवायचा नाही. ‘हेल्प’ एका ठोक्याचा शब्द आहे, तर भूतकाळातही तो एकाच ठोक्याचा राहतो: हेल्प्ट. ‘फिनिश’ दोन ठोक्यांचा, मग ‘फिनिश्ट’ही दोनच.

यामागचं कारण सरळ आहे. ‘वॉन्ट’ला नुसता ‘ट’ जोडला तर दोन ‘ट’ एकमेकांत विरघळतात आणि भूतकाळ ऐकूच येत नाही. म्हणून मधे एक छोटी ‘इ’ घालून ते वेगळे करावे लागतात. ‘हेल्प’ला ‘ट’ जोडला तर तो स्वच्छ ऐकू येतो, त्यामुळे तिथे मधला स्वर लागत नाही.

मग ट आणि ड मधला फरक? तो कधी शिकायचा?

तो बहुतेक आपोआप होतो, आणि मराठी माणसाला तो कळायला तर अजिबात अवघड नाही. आपली वर्णमालाच त्या पायावर मांडलेली आहे. क, च, ट, त, प हे अघोष आणि ग, ज, ड, द, ब हे घोष. गळ्यावर बोट ठेवून लांब ‘स्स्स’ म्हणा, मग ‘जहाज’मधल्या ‘ज’सारखा ‘झ्झ्झ’ म्हणा. पहिल्या वेळी गळा शांत राहतो, दुसऱ्या वेळी थरथरतो. क्रियापदाचा शेवट शांत असेल तर शेपूट शांत, म्हणजे ट. शेवट थरथरणारा असेल तर शेपूट थरथरणारं, म्हणजे ड. सगळे स्वर थरथरणारेच असतात, म्हणून प्लेड, एन्जॉइड, स्टेड.

दहावीला व्यंजनसंधी केला असेल तर हे तुमच्या ओळखीचं आहे. ‘षट्’ म्हणजे सहा. पुढे ‘कोन’ आला की षट्कोन, पुढे ‘यंत्र’ आलं की षड्यंत्र. शेजारी बघून ट चा ड होतो. इंग्रजीत घडतं ते याच जातीचं, फक्त दिशा उलटी. संधीत पुढचा आवाज मागच्याला बदलतो. भूतकाळात क्रियापदाचा शेवट पुढे लागणाऱ्या शेपटाला बदलतो.

ही दिशा लक्षात ठेवा, कारण आपली एक बारीक चूक इथूनच निघते. काही गाइडांमध्ये उच्चार ‘बॅक्ड’ असा छापलेला असतो. मराठी जीभ तो वाचायला गेली की ‘वाक्’ आणि ‘दान’ यांचं जसं वाग्दान होतं, तसं ‘बॅक्ड’चं ‘बॅग्ड’ होऊन बसतं. पाठिंबा दिला म्हणायचं होतं, आणि पिशवीत भरलं असं ऐकू गेलं! म्हणून असा ‘क्ड’ दिसला की ड ला हात लावा, क ला नको. क्रियापद आहे तसंच राहू द्या आणि शेपटाचा ट करा: बॅक्ट.

शेवटचं अक्षर बघायचं की शेवटचा आवाज?

आवाज. अक्षर बघितलंत की फसलात. ‘लाफ’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी जी-एच आहे, पण कानाला ‘फ’ येतो, म्हणून लाफ्ट. ‘फिक्स’मधल्या एक्सचा आवाज ‘क्स’, म्हणून फिक्स्ट. ‘डान्स’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ई असली तरी ती मुकी आहे. आवाज ‘स’चा, म्हणून डान्स्ट.

सगळ्यात फसवं अक्षर एस. ‘मिस’ आणि ‘पास’मध्ये तो खरोखरचा ‘स’ आहे, म्हणून मिस्ट, पास्ट. ‘क्लोज’, ‘रेज’, ‘प्रेज’ ही क्रियापदं मात्र एस ने लिहिलेली असूनही ‘जहाज’मधल्या ‘ज’च्या आवाजाने संपतात, म्हणून तिथे ड येतो. गळ्यावर बोट ठेवलं की लगेच कळतं.

इतकी वर्षं इंग्रजी शिकूनही आमची मुलं ‘वॉकेड’च का म्हणतात?

एक कारण वर आलंच. मुलं इंग्रजी आधी वाचून शिकतात आणि बोलणं फार नंतर येतं. दुसरं कारण आपल्या भाषेत आहे. मराठी शब्दाच्या शेवटी जोडाक्षर आलं की आपण त्यातला ‘अ’ सोडत नाही. ‘घर’ म्हणताना र चा अ गिळतो, पण ‘मित्र’, ‘चंद्र’ म्हणताना शेवटचा अ हलका का होईना, वाजतो. दोन-तीन व्यंजनांवर शब्द एकदम तोडायची आपल्या जिभेला सवय नाही. ‘हेल्प्ट’मध्ये ल, प आणि ट एकापाठोपाठ येतात, तिथे जीभ अडते आणि मधे एखादा स्वर घालून सुटका करून घेते.

पण हे जोड आपल्याला अनोळखी नाहीत, आणि मी सराव तिथूनच सुरू करते. ‘जप्त’ म्हणा. आता शेवटचा अ न वाजवता, ओठ मिटून, तोडून म्हणा: जप्त्. हा ‘प्त’ आणि ‘स्टॉप्ट’मधला ‘प्ट’ जवळजवळ एकच. ‘फक्त’ तोडून म्हटलं की ‘वॉक्ट’चा शेवट मिळतो. ‘कष्ट’ आणि ‘गोष्ट’ तोडून म्हटलं की ‘वॉश्ट’, ‘पुश्ट’ तयार. ‘थंड’मधून ‘क्लीन्ड’ येतं, ‘शब्द’मधून ‘ग्रॅब्ड’. तुमची जीभ हे सगळं रोज करते, ई-डी दिसल्यावर तेवढी बिचकते.

रोजच्या बोलण्यातला पुरावा हवा असेल तर हा घ्या. आजोबा ‘रिटायर्ड’ झाले असं आपण म्हणतो, ‘रिटायरेड’ कुणी म्हणत नाही. बँकेत ‘फिक्स्ड’ ठेवतो, आणि लिहिताना ड असला तरी बोलताना तिथे ट च निघतो. दुकानाच्या पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असतं, त्यात वाढलेला ठोका बरोबर आहे, कारण ‘लिमिट’ ट ने संपतं. तिन्ही प्रकार वर्गात येण्याआधीच तुमच्या तोंडात होते.

आम्ही घरी तेलुगू बोलतो. आमच्या मुलाची अडचण वेगळी वाटते. तसं असतं का?

असतं, आणि सोलापुरात हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. इथे एकाच बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं बसतात. तेलुगू आणि कन्नडमध्ये शब्दाचा शेवट स्वराने करायची ओढ मोठी असते. बसचं बस्सु होतं, कारचं कारु होतं. त्यामुळे या घरांतली मुलं मधे ‘ए’ घालत नाहीत, ती शेवटी ‘उ’ लावतात: स्टॉप्टु, वॉक्टु. म्हणजे ट बरोबर लागला, पण ठोका वाढलाच.

त्यांना ‘मधला स्वर काढ’ सांगून उपयोग नाही, तो त्यांनी घातलेलाच नसतो. अशा मुलाला मी पुढचा शब्द स्वराने सुरू होणारा देते, म्हणजे शेपटाला टेकायला जागा मिळते: ‘स्टॉप्ट इट’, ‘वॉक्ट इन’. ट पुढच्या ‘इ’वर बसला की ‘उ’ला जागाच उरत नाही. असं दोन-चार दिवस झालं की मग शब्द एकटा म्हणायला लावायचा.

उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना ‘वक्त’, ‘दोस्त’ तोडून म्हणायची सवय असते. इथे त्यांना थोडं झुकतं माप मिळतं.

एखादं खरं उदाहरण घेऊन दाखवाल का?

दाखवते. आयइएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं, तयारीला 1 मिनिट आणि बोलायला 1 ते 2 मिनिटं. अनेकदा विषय घडून गेलेल्या प्रसंगाचा असतो, म्हणजे भूतकाळाची क्रियापदं ओळीने येणार. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘गर्दीच्या ठिकाणी गेल्याचा प्रसंग’ यावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा निवडली. मोबाइलवर रेकॉर्ड झालेलं तिचं पहिलं बोलणं जवळपास असं होतं:

‘लास्ट जॅन्युअरी आय व्हिजिट गड्डा यात्रा विथ माय कझिन्स. वी वॉकेड टू होम मैदान अँड रीचेड ॲट फाइव्ह. वी वेटेड फॉर माय अंकल. देन वी वॉचेड द नंदीध्वज प्रोसेशन. माय ब्रदर ड्रॉपेड हिज आइस्क्रीम अँड एव्हरीबडी लाफेड. वी क्लाइंबेड इन द जायंट व्हील. ही आस्केड फॉर वन मोअर राइड, बट आय डिसाइड टू गो होम. वी एन्जॉय अ लॉट.’

प्रसंग छान आहे, संक्रांतीची थंडी आणि होम मैदानावरची गर्दी डोळ्यांसमोर येते. आता फक्त क्रियापदं मोजू. एकूण 11. त्यांतल्या 7 ठिकाणी तिने नको असलेला ठोका वाढवला: वॉकेड, रीचेड, वॉचेड, ड्रॉपेड, लाफेड, क्लाइंबेड, आस्केड. 3 ठिकाणी शेपूटच गळालं: व्हिजिट, डिसाइड, एन्जॉय. बरोबर निघालं ते एकच, ‘वेटेड’. त्यातला स्वर ‘ए’पेक्षा ‘इ’कडे हवा होता, पण ठोके बरोबर होते, म्हणून मी ते सोडून दिलं.

गंमत अशी की जिथे ठोका वाढायलाच हवा होता त्या ‘व्हिजिट’ आणि ‘डिसाइड’मध्ये तिने शेपूट लावलं नाही, आणि जिथे वाढायला नको तिथे ‘एन्जॉय’ सोडून सगळीकडे वाढवला. हे मी अनेकांत पाहते. शब्द ट किंवा ड ने संपला की कानाला तो आधीच भूतकाळासारखा वाटतो, काम झालं असं वाटून माणूस पुढे जातो.

मग आम्ही कागद घेतला. 11 मूळ क्रियापदं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारला, शेवटचा आवाज ट किंवा ड आहे का? ‘हो’ तीन वेळा आलं: व्हिजिट, वेट, डिसाइड. त्यांना लाल पेनने गोल केला. उरलेल्या 8 मध्ये ठोका वाढवायचा नाही, एवढंच तिने ठरवलं. त्यात वॉक, रीच, वॉच, ड्रॉप, लाफ, आस्क यांचा शेवट शांत, म्हणून ट. क्लाइम आणि एन्जॉय यांचा थरथरणारा, म्हणून ड. ‘क्लाइम’च्या स्पेलिंगमधला बी मुका आहे हे तिला तेव्हा कळलं. ‘क्लाइंबेड’मध्ये तिने दोन चुका एकत्र केल्या होत्या.

यानंतर टेबलावर बोटाने ठोके. मूळ शब्द म्हणत ठोका, भूतकाळ म्हणत ठोका. ‘वॉक’ एक, ‘वॉक्ट’ एक. ‘व्हिजिट’ दोन, ‘व्हिजिटिड’ तीन. ‘डिसाइड’ दोन, ‘डिसायडिड’ तीन. ‘आस्क’ एक, ‘आस्क्ट’ एक, आणि इथे ती हसली, कारण तीन व्यंजनं एका ठोक्यात कोंबताना जिभेची तारांबळ होते. चौथ्या दिवशीचं रेकॉर्डिंग असं झालं:

‘लास्ट जॅन्युअरी आय व्हिजिटिड द गड्डा यात्रा विथ माय कझिन्स. वी वॉक्ट टू होम मैदान अँड रीच्ट देअर ॲट फाइव्ह. वी वेटिड फॉर माय अंकल. देन वी वॉच्ट द नंदीध्वज प्रोसेशन. माय ब्रदर ड्रॉप्ट हिज आइस्क्रीम अँड एव्हरीबडी लाफ्ट. वी क्लाइम्ड इन्टू द जायंट व्हील. ही आस्क्ट फॉर वन मोअर राइड, बट आय डिसायडिड टू गो होम. वी एन्जॉइड इट अ लॉट.’

‘लाफ्ट’ अजून दोनदा घसरलं. बाकी बसलं.

एकेक शब्द बरोबर येतो, पण वाक्यात आला की बिघडतो. काय करू?

शब्द एकटा घोकण्याचा हाच तोटा. वाक्यात शेपटाचं काय होतं ते पुढच्या शब्दावर ठरतं.

पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर शेपूट त्याला जाऊन चिकटतं. ‘ड्रॉप्ट इट’ ऐकायला ‘ड्रॉप टिट’सारखं येतं, ‘क्लाइम्ड इन्टू’ हे ‘क्लाइम डिन्टू’सारखं, ‘एन्जॉइड इट’ हे ‘एन्जॉय डिट’सारखं. सराव इथून सुरू करा. तीन व्यंजनांचा गुंता सुटतो आणि शेपूट ठळक ऐकू येतं. परीक्षेतही अशाच जागी ते गळू देऊ नका, कारण परीक्षकाला काळ तिथेच सगळ्यात स्पष्ट कळतो.

पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही शेपूट दाबून टाकतात. ‘वॉक्ट टू’ म्हणताना दोन ट वेगळे काढायचे नसतात. जीभ एकदाच लागते, क्षणभर थांबते आणि सुटते. ‘आस्क्ट फॉर’मधला क तर बऱ्याचदा गायब होतो आणि ‘आस्ट फॉर’ राहतं. म्हणून अशा जागी प्रत्येक ट ठोकून म्हणायचा अट्टहास करू नका. त्या अट्टहासातूनच ‘वॉक्टअ टू’ असा नवीन स्वर जन्माला येतो.

वाक्य शेपटावरच संपत असेल, ‘एव्हरीबडी लाफ्ट’सारखं, तर तिथे ते पूर्ण वाजवा आणि थांबा. लटकू देऊ नका.

परीक्षक या एका चुकीचे किती गुण कापतात?

शेपटं मोजून गुण कापायची पद्धत नसते. आयइएलटीएसची बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि चार गोष्टींना सारखंच वजन असतं: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. आता वरच्या चुका त्यात कुठे बसतात ते पाहा. ‘वॉकेड’ ही उच्चाराची चूक आहे. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण दर वाक्यात तो अडखळतो. ‘वॉक’ म्हटलंत तर परीक्षकाला ती उच्चाराची चूक वाटतच नाही, तुम्हाला भूतकाळ येत नाही असं वाटतं, आणि फटका व्याकरणाला बसतो. तुम्हाला नियम माहीत होता आणि फक्त जीभ अडली, हे त्याला कसं कळणार?

म्हणून मी चुकांना असा क्रम देते. शेपूट गाळणं सगळ्यात महाग, नको तिथे ठोका वाढवणं त्याखालोखाल, आणि ट च्या जागी ड निघणं सगळ्यात स्वस्त. आमच्याकडे मुलं नेमका उलट्या क्रमाने अभ्यास करतात. ट आणि ड च्या याद्या तोंडपाठ, आणि बोलताना ‘यस्टरडे आय वॉक’.

‘इड’ म्हणायचं की ‘एड’? आमचे आधीचे सर ‘वॉन्टेड’ म्हणायचे.

आखूड ‘इ’ म्हणा, किंवा त्याहून अस्पष्ट, जेमतेम ऐकू येणारा ‘अ’ म्हणा. इंग्रजी बोलणाऱ्या वेगवेगळ्या प्रदेशांत दोन्ही चालतात. ‘ब्रेड’मधल्यासारखा ठसठशीत ‘ए’ नको, कारण त्याने जोर चुकीच्या जागी जातो. पण ठोके बरोबर असतील तर ही चूक किरकोळ आहे, सरांवर राग नको.

काही शब्दांत ट किंवा ड नसतानाही ‘इड’ ऐकू येतो. तो का?

विद्वान या अर्थाचा शब्द ‘लर्निड’ असा दोन ठोक्यांत म्हणतात, शिकला या अर्थाचं क्रियापद मात्र ‘लर्न्ड’ किंवा ‘लर्न्ट’. वृद्ध माणसांबद्दल बोलताना ‘एजिड’, पण ‘एज्ड फिफ्टी’ म्हणताना एकच ठोका. ‘नेकिड’, ‘विकिड’, ‘क्रुकिड’ ही विशेषणंही तशीच.

हे जुन्या उच्चाराचे अवशेष आहेत. कित्येक शतकांपूर्वी इंग्रजीत हे शेपूट सगळीकडे वेगळ्या ठोक्याने म्हणत. पुढे बोलण्यातून तो स्वर झडत गेला, स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. सगळ्यांनाच हा बदल आवडला नव्हता. 1712 मध्ये ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जॉनथन स्विफ्टने इंग्रजी सुधारण्याबद्दल एक पत्रक छापलं, त्यात असा स्वर गाळून व्यंजनं एकमेकांवर आदळवणाऱ्या लेखकांवर तो चांगलाच चिडलेला दिसतो. म्हणजे आपलं ‘वॉकेड’ हे तसं पाहिलं तर फार जुनं इंग्रजी आहे! परीक्षकाला हे ऐकवू नका.

परीक्षेपुरते हे मोजके शब्द जसे भेटतील तसे शिका.

‘यूज्ड टू’ नेहमी चुकतं. त्याचा उच्चार काय?

वापरलं या अर्थाने म्हणताना शेवट थरथरणारा: ‘आय यूज्ड अ पेन’, यातला ज ‘जहाज’मधला. पूर्वी असं असायचं या अर्थाने म्हणताना सगळं शांत आणि एकत्र: ‘यूस्टू’. ‘आय यूस्टू लिव्ह इन अक्कलकोट’. पुढच्या ‘टू’चा ट मागच्या आवाजांना शांत करतो, म्हणजे इथे दिशा आपल्या संधीसारखीच आहे. बालपणाबद्दलच्या प्रश्नात हा वाक्प्रयोग हमखास येतो, म्हणून ‘यूस्टू’ एकच शब्द समजून तोंडात बसवा.

परीक्षेला आठ दिवस राहिलेत. आता काय करता येईल?

शंभर क्रियापदांची यादी घेऊ नका. स्वतःच्या आयुष्यातले तीन प्रसंग घ्या: एक प्रवास, एक समारंभ, एक अडचण. प्रत्येक प्रसंग मोबाइलवर दीड मिनिट बोलून रेकॉर्ड करा. ऐकताना फक्त भूतकाळाची क्रियापदं कागदावर उतरवा, आणि तुम्ही खरंच जे बोललात तेच उतरवा, बोलायला हवं होतं ते नको. मग वर गड्ड्याच्या उदाहरणात केलं तसं ट-ड ने संपणाऱ्यांना गोल करा आणि ठोके मोजा. तुमच्या बोलण्यात तीच ती पंधरा-वीस क्रियापदं फिरून फिरून येतात असं दिसेल. तेवढी सुधारली की परीक्षेतलं बहुतेक काम होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक उलटी चूक डोकावते, तिच्यावर लक्ष ठेवा. ‘एड’ काढायचा इतका ध्यास लागतो की ‘वॉन्टिड’चं ‘वॉन्ट’ आणि ‘नीडिड’चं ‘नीड’ होऊ लागतं. रेकॉर्डिंगमध्ये लाल गोल केलेले शब्द म्हणूनच वेगळे तपासा.

आणखी एक सांगते. ‘टीच’चं ‘टीच्ट’, ‘कट’चं ‘कटिड’ असं सफाईने म्हणून उपयोग नाही. ती क्रियापदं अनियमित आहेत, ‘टॉट’ आणि ‘कट’. शेपूट लावण्याआधी ते लागतं का, हे बघा.

बोलता बोलता ‘वॉकेड’ निघून गेलं तर थांबून दुरुस्त करू का?

लगेच, त्याच श्वासात झालं तर करा: ‘वॉकेड… वॉक्ट टू द स्टेशन’. पुढचं वाक्य सुरू झालं असेल तर मागे वळू नका, त्याने ओघ तुटतो. तेच क्रियापद थोड्या वेळाने पुन्हा येईल, तेव्हा बरोबर म्हणा.